जादा डोसांची बेरीज बरोबर, तरी पेशंट गुंगीत: मॉर्फिनच्या आढावा तक्त्यातली नेहमीची अडचण

कॅन्सरच्या दुखण्यासाठी बारा तासांची मॉर्फिनची गोळी चालू असते. मधूनच येणाऱ्या कळेसाठी लवकर काम करणारं मॉर्फिन दिलेलं असतं. दोन्ही एकाच तक्त्यात लिहिली जातात, शेजारी दुखण्याचा अंक असतो, ० ते १० मधला. आढाव्याच्या दिवशी बेरीज होते, जादा डोस बरेच दिसतात, नियमित गोळी वाढवली जाते. मग तीन-चार दिवसांनी घरून फोन येतो: "आई नुसती झोपून असते हो, पण उठवायला गेलं की पहिल्यासारखंच ओरडते."

दुखणं तिथंच आणि वर गुंगी. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, आणि एकदा माझ्या हातूनही झालं आहे, की आता असा फोन आला की औषधाच्या आधी मी तक्ता मागवते. बहुतेक वेळा बेरीज चुकलेली नसते. ती कशाची करायची हे चुकलेलं असतं.

(इथं "नियमित" म्हणजे ठरलेल्या वेळी घ्यायची लाँग-अ‍ॅक्टिंग गोळी, आणि "जादा" म्हणजे ब्रेकथ्रू कळेसाठी घेतलेला लवकर काम करणारा डोस. घरी तक्ता भरणाऱ्या माणसालाही हे दोन शब्द चटकन कळतात, म्हणून मी तेच वापरते.)

## माझ्याकडून झालेली चूक

साधारण पंचावन्न वर्षांच्या एक बाई. स्तनाचा कॅन्सर, कमरेच्या मणक्यात आणि डाव्या मांडीच्या हाडात पसरलेला. सकाळी ८ आणि रात्री ८ ला ३० मि.ग्रॅ.ची नियमित गोळी, म्हणजे दिवसाचे ६० मि.ग्रॅ. जादा डोस १० मि.ग्रॅ.चा, दिवसाच्या एकूण डोसाचा सहावा भाग. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे होतं.

आमच्या तक्त्यात दिवसाला एक ओळ होती. "नियमित २, जादा ५, दुखणं ५." पुढच्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी हिशेब केला: ६० अधिक पाच वेळा १०, म्हणजे ११०. पाच जादा डोस लागतात म्हणजे पायाचा, म्हणजेच नियमित डोस कमी पडतो, असं धरून मी नियमित गोळी ६०-६० केली आणि जादा डोस २० वर नेला. एका झटक्यात दुप्पट. एका वेळी साधारण पाव ते निम्म्याने वाढवावं, हे माहीत असूनही तक्त्यातले पाच आकडे मला पुरेसा आधार वाटले.

चौथ्या दिवशी त्या बोलता बोलता डोळे मिटत होत्या. हात दचकल्यासारखे मधूनच उडत होते. श्वास मिनिटाला १०. पडून असताना दुखणं शून्य, आणि कूस बदलायला गेलं की ७. गुंगीत पाणी पिणं कमी झालं होतं, रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं होतं. मॉर्फिनपासून शरीरात जे पुढचे पदार्थ तयार होतात, ते मूत्रपिंडांतून बाहेर जातात. मूत्रपिंडं मंदावली की ते साचतात आणि गुंगी, हात उडणं हे सगळं वाढत जातं. त्या रात्रीची गोळी थांबवली, सलाईन दिलं, श्वासावर आणि त्या हाकेला ओ देतात का यावर दर तासाला नजर ठेवली. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन उतरायला लागल्यावर परत ३०-३० वर आणलं. त्या सावरल्या. (श्वास मिनिटाला ८ च्या खाली गेला किंवा माणूस हाक मारून, हलवूनही जागा होईना, तर ती आणीबाणी समजायची. तिथं तक्ता बाजूला ठेवून लगेच मदत बोलवायची.)

मग त्यांच्या मुलीशी बोलायला बसले. तिच्याकडे एक वही होती. प्रत्येक जादा डोसाची वेळ तिनं त्यात लिहिली होती. आमच्या तक्त्यात वेळेला जागाच नव्हती, म्हणून आमच्याकडे उतरवताना नुसता "५" हा आकडा आला होता. एकेका वेळेवर बोट ठेवून मी विचारलं, तेव्हा काय चाललं होतं? ती म्हणाली, "ही अंघोळीची वेळ. ही संडासला नेतानाची. डॉक्टर, त्याशिवाय ती हलूच देत नाही मला."

## तक्त्यातला एक दिवस, ओळीनं

डोस परत खाली आणल्यावर तीन दिवस आम्ही वेगळ्या पद्धतीनं नोंदी ठेवल्या. दिवसाला एक ओळ नाही, प्रत्येक डोसाला एक ओळ. त्यातला हा एक दिवस:

| वेळ | प्रकार | मि.ग्रॅ. | कारण | आधीचा अंक | तासाभराने | नोंद |
|---|---|---|---|---|---|---|
| ०६:३० | जादा | १० | विश्रांती | ५ | २ | झोपेतून जाग आली |
| ०८:०० | नियमित | ३० | | २ | | |
| ०९:४० | जादा | १० | हालचाल | ८ | १ | अंघोळ. बसल्यावर १५ मिनिटांत ओसरली |
| १३:१० | जादा | १० | हालचाल | ७ | २ | संडास. परत पडल्यावर ओसरली |
| १७:२० | जादा | १० | हालचाल | ७ | २ | खुर्चीत बसवताना. २० मिनिटं |
| २०:०० | नियमित | ३० | | २ | | |
| २२:१५ | जादा | १० | हालचाल | ६ | १ | कूस बदलताना. १० मिनिटं |

बेरीज तीच, ११०. पण आता तीच बेरीज काही वेगळं सांगते. स्वस्थ पडलेल्या असताना अंक २ आहे, म्हणजे पायाचा डोस पुरतो आहे. पाचातले चार डोस हालचालीचे आहेत. पहाटेचा एकच डोस आपणहून आलेल्या कळेचा, आणि तो त्या तीन दिवसांत एकदाच आला.

सगळ्यात जास्त बोलतो तो "नोंद" हा रकाना. तोंडावाटे घेतलेलं साधं मॉर्फिन काम सुरू करायला साधारण अर्धा तास घेतं, आणि पूर्ण जोरात यायला तास. अंघोळीची कळ पंधरा मिनिटांत संपते. म्हणजे कळ आली तेव्हा घेतलेलं औषध कळ गेल्यावर पोचतं, आणि तोवर शमवायला काही उरलेलं नसतं. मग पुढचे चार तास ते फक्त झोप आणतं. तक्त्यात मात्र "आधी ८, तासाभराने १" असं सुरेख दिसतं आणि वाटतं, डोसानं छान काम केलं. डोसानं काहीच केलेलं नसतं, त्या बसल्या म्हणून कळ ओसरली. म्हणून "तासाभराने" हा अंक एकटा कधीच पुरत नाही, कळ किती वेळात आणि कशानं ओसरली हे दोन शब्द शेजारी लागतातच. एवढा एक रकाना वाढवलात तरी निम्मी अडचण उघडी पडते.

दुसरी गोष्ट "दुखणं ५" या सरासरीची. पडल्यापडल्या २ आणि हालचालीत ८ असेल, तर सरासरी ५ येते. दिवसभर एकसारखं ५ असेल, तरी ५ च येते. पहिल्या माणसाचा नियमित डोस वाढवला की तो झोपतो, दुसऱ्याचा वाढवला की त्याला आराम पडतो. त्यामुळे दिवसाचा अंक कधीच एक ठेवू नका, दोन ठेवा: स्वस्थ असतानाचा आणि हालचालीतला. सरासरी काढूच नका.

## मग वाढवायचं कधी?

या तक्त्यात जादा डोसांची वेळ घड्याळावर कुठं पडते ते बघायचं. वरच्या बाईंच्या तक्त्यात डोस दिवसाच्या कामांना चिकटलेले होते. दुसऱ्या काही पेशंटमध्ये ते पुढच्या नियमित गोळीच्या आधी गोळा झालेले दिसतात: पहाटे ५ ते ७, संध्याकाळी ५ ते ७. मधल्या वेळात माणूस ठीक असतो. ही गोळीचा जोर बारा तास न टिकल्याची खूण. इथं बेरीज खरोखर उपयोगी पडते.

समजा अशाच ३०-३० वरच्या माणसाला रोज तीन जादा डोस लागतात, तिन्ही पुढच्या गोळीच्या आधीच्या दोन-तीन तासांतले, तिन्ही पडल्यापडल्या, आणि गुंगी नाही. ६० अधिक ३० म्हणजे ९०. नियमित गोळी ४५-४५ करायची, ३० ची एक आणि १५ ची एक. वाढ निम्म्याची झाली, एका वेळेला एवढी चालते. आता जादा डोसही बदलला पाहिजे: ९० चा सहावा भाग १५. हे राहून जाण्याचं प्रमाण फार आहे. नियमित वाढते, जादा डोस जुनाच १० राहतो, आणि मग पुढच्या आढाव्यात "जादा डोस लागू पडत नाही" अशी नोंद दिसते. तक्त्याच्या वरच्या ओळीतच नियमित डोस, जादा डोस आणि दोन्ही कधी बदलले ती तारीख लिहिली, की ही विसंगती डोळ्यांत भरते. वाढवूनही कळ गोळीच्या आधीच येत राहिली, तर काही जणांना तोच दिवसाचा डोस आठ-आठ तासांनी तीन भागांत द्यावा लागतो. तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. तक्त्यानं त्यांना वेळा दाखवायच्या, एवढंच त्याचं काम.

तिसरा प्रकार विखुरलेल्या कळांचा: कुठलीही वेळ, कुठलंही कारण नाही, पडल्यापडल्याही अंक ४-५. दिवसाला तीन-चारपेक्षा जास्त असे डोस दोन-तीन दिवस सलग लागले, तर पायाचा डोस कमी पडतोय असं म्हणायला जागा आहे. एका वाईट दिवसावरून मात्र कधीच नाही.

## दोन बेरजा, दोन कामांसाठी

आता मी प्रत्येक दिवसाच्या खाली दोन आकडे लिहिते. पहिला: पोटात एकूण किती गेलं. यात नियमित, जादा सगळं येतं, कारण गुंगी, श्वास, मूत्रपिंड यांना डोस कशासाठी घेतला याच्याशी देणंघेणं नाही. सुरक्षिततेचा विचार या आकड्यावरून करायचा. दुसरा: नियमित अधिक फक्त "विश्रांती"तले जादा डोस. पायाचा डोस ठरवताना हा आकडा धरायचा. वरच्या दिवशी पहिला ११० आणि दुसरा ७०. मी ११० वरून १२० ठरवलं होतं, आणि खरी गरज ६० ते ७० च्या मधे होती.

तक्ता संगणकावर असेल तर हे दोन सूत्रांत होतं. `A` मध्ये तारीख आणि वेळ एकत्र, `B` मध्ये प्रकार, `C` मध्ये मि.ग्रॅ., `D` मध्ये कारण आणि `H2` मध्ये ज्या दिवसाचा हिशेब हवा त्याची तारीख.

```
=SUMIFS(C:C,A:A,">="&H2,A:A,"<"&H2+1)

=SUMIFS(C:C,B:B,"नियमित",A:A,">="&H2,A:A,"<"&H2+1)
+SUMIFS(C:C,B:B,"जादा",D:D,"विश्रांती",A:A,">="&H2,A:A,"<"&H2+1)
```

पहिलं एकूण, दुसरं पायासाठी. कारणाच्या रकान्यात ठरलेलेच शब्द निवडता येतील अशी यादी लावून ठेवा. कोणी "विश्रांती", कोणी "पडून असताना" लिहिलं की दुसरी बेरीज गपचूप कमी येते आणि कुठंही चूक दिसत नाही.

हालचालीच्या कळेला उपाय मग वेगळ्या ठिकाणी शोधायचा. त्या बाईंना आम्ही अंघोळीच्या पाऊण तास आधी १० मि.ग्रॅ. द्यायला सांगितलं, म्हणजे औषधाचा जोर आणि कळ एका वेळी येतील. संडास, अंघोळ, चादर बदलणं एका फेरीत आणलं. या आधी दिलेल्या डोसाला तक्त्यात तिसरा प्रकार दिला, "आधी". एकूण बेरजेत तो धरला जातो, पायाच्या बेरजेत नाही, आणि आढावा घेणाऱ्याला तो "डोस कमी पडला" असा वाटत नाही. मांडीच्या हाडाचा एक्स-रे काढला. कॅन्सर पसरलेल्या लांब हाडात पायावर भार टाकताना कळ वाढत चालली, तर हाड मोडायच्या बेतात असू शकतं आणि आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं लागतं. तसंच पाठीच्या कळेसोबत पायांतली ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली, तर तेव्हा प्रश्न मज्जारज्जूवर दाब आल्याचा असतो, आणि तिथं एका दिवसाचाही उशीर महाग पडतो. मॉर्फिन वाढवत राहिलं की या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. हालचालीच्या कळेला "जादा डोस ५" या आकड्यात मिटवून टाकण्याचा मला खरा राग येतो तो यामुळेच.

## बेरजेवर विश्वास ठेवण्याआधी

वेळा आणि कारणं बघण्याच्याही आधी एकदा खात्री करून घ्यायची, की आकडे खरे आहेत. इथं मी चार गोष्टी बघते.

पहिली, दिवस कुठं तोडला आहे. सकाळी आढावा होतो म्हणून अनेक ठिकाणी दिवस सकाळी ८ ते सकाळी ८ धरतात. आणि नियमित गोळीही ८ चीच. सोमवारी गोळी ८:०० ला दिली, मंगळवारी परिचारिकेनं जरा लवकर, ७:५० ला दिली. आता सोमवारच्या "दिवसा"त तीन गोळ्या बसल्या: ९० मि.ग्रॅ. बुधवारी ८:१० ला दिली, की मंगळवारच्या दिवसात एकच उरते: ३०. कोणी काही चुकीचं केलेलं नाही, पण आलेखात एक दिवस उंच, एक दिवस खोल. नियमित डोसाची बेरीज अशी वरखाली उड्या मारताना दिसली आणि दोन दिवसांची सरासरी बरोबर आली, तर कारण हेच. दिवस तोडायची वेळ नियमित गोळीपासून लांब ठेवा. ८-८ च्या गोळ्यांना मध्यरात्र चालते, दोन्ही बाजूंना निदान चार-चार तास मोकळे राहतात. रात्री ११:३० आणि पहाटे १:३० चे डोस त्यामुळे दोन वेगळ्या तारखांत पडतात हे खरं, पण वेळा लिहिलेल्या असतील तर रात्रीची कळ नजरेतून सुटत नाही.

दुसरी, मि.ग्रॅ. की मि.लि. पातळ मॉर्फिन वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं. ५ मि.लि.मध्ये १० मि.ग्रॅ. असलेलं असतं, आणि १ मि.लि.मध्ये २० मि.ग्रॅ. असलेलंही असतं. तक्त्यात नुसतं "५" लिहिलं आणि ते मि.लि. असेल, तर पहिल्या बाटलीत तो डोस १० मि.ग्रॅ. झाला आणि दुसऱ्या बाटलीत १००. इथं चुकीला जागाच नको. घरच्या तक्त्यात दोन्ही लिहून घ्या, "५ मि.लि. = १० मि.ग्रॅ.", आणि बाटली बदलली की हा सगळा रकाना नव्यानं समजावून सांगा.

तिसरी, लिहिलं म्हणजे पोटात गेलं का. उलटीचे दोन दिवस असतील, किंवा गिळवत नाही म्हणून संध्याकाळची गोळी राहिली असेल, तर दुसऱ्या दिवशी जादा डोस चार-पाच लागतातच. तक्त्यात नियमितच्या रकान्यात सवयीनं टिक केलेली असते आणि वाढ नियमितची होते. खरी अडचण मळमळीची किंवा गिळण्याची असते. वेळ आली की टिक नको, घेतली ती वेळ लिहा. घेतली नाही तर शून्य लिहा आणि का ते लिहा. आणि गिळवत नाही म्हणून बारा तासांची गोळी कुटून दिली जात नाही ना, हेही विचारा. कुटली की बारा तासांचं औषध एकदम उतरतं. तसा दिवस तक्त्यात "सकाळी गुंगी, संध्याकाळी कळ" असा दिसतो.

चौथी फक्त संगणकावरच्या तक्त्यांना लागू. "१० मि.ग्रॅ." असं तक्त्याच्या एखाद्या घरात लिहिलं की ते मजकूर होतं आणि `SUMIFS` ते सोडून देतं, तक्रार न करता. देवनागरी आकडे टाइप केले, तर तेही अनेकदा मजकूरच धरले जातात. शंका आली की शेजारच्या रिकाम्या घरात `=ISNUMBER(C2)` लिहून बघा, `FALSE` आलं तर तो डोस बेरजेत नाही. मि.ग्रॅ. हे रकान्याच्या मथळ्यात लिहा, घरात फक्त `10`. रोजची बेरीज एकदा बोटांवर मोजून पडताळायची सवयही वाईट नाही, सात ओळींना मिनिट लागत नाही.

फेंटानिलचा पॅच असेल तर तक्ता थोडा बदलतो. पॅच रोज "दिला" असं लिहायचं नाही. लावला ती तारीख, वेळ, जागा, आणि ७२ तासांनी बदलायची वेळ लिहायची. नवीन किंवा वाढवलेल्या पॅचचा परिणाम यायला १२ ते २४ तास लागतात, त्यामुळे बदलाच्या पहिल्या दिवसाचे जादा डोस बघून पुन्हा वाढवायचं नाही. जादा डोस सगळे तिसऱ्याच दिवशी गोळा होत असतील, तर ते गोळीच्या आधीच्या कळेसारखंच आहे. पॅच एका कडेनं सुटलेला नाही ना, हेही त्याच वेळी बघा.

## आठवड्यांनंतर

त्या बाईंना मांडीवर आणि कमरेवर एकाच बैठकीत ८ ग्रे रेडिएशन दिलं. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत जादा डोस वाढले. रेडिएशननंतर सुरुवातीला दुखणं थोडं उसळू शकतं, म्हणून तक्त्यावर रेडिएशनच्या तारखेला आडवी रेघ मारून ठेवली होती आणि ते दिवस वाढीच्या हिशेबात धरले नाहीत. आराम हळूहळू, आठवड्यांत येतो.

तिसऱ्या आठवड्यात तक्ता पालटला. हालचालीचा अंक ३, जादा डोस दिवसाला शून्य ते एक. आणि शेवटच्या, "नोंद" या रकान्यात मुलीनं तीन दिवस सलग लिहिलं होतं: "दुपारी बोलावलं तर जागी होते, पण पुन्हा लगेच झोपते." आधी ज्या दुखण्याला ६० मि.ग्रॅ. लागत होते, ते दुखणंच कमी झालं होतं, त्यामुळे तेवढाच डोस आता जास्त होत होता. जादा डोस कमी म्हणजे सगळं ठीक, असं वाटून हा रकाना वाचायचा राहतो, आणि दुखणं उतरताना जो पेशंट गुंगीत जातो तो इथंच हातून सुटतो. सकाळची गोळी १५ वर आणली, रात्रीची ३० ठेवली, जादा डोस ५. पोट साफ होण्याचं औषध पहिल्यासारखंच चालू ठेवलं.

पुढच्या आठवड्याचा तक्ता मुलीनं स्वतः भरून आणला. दुपारच्या नोंदीत एकच ओळ होती: "जेवून खिडकीशी बसली, तासभर. अंक २. डोस नाही."